करार घरच्या कपाटात, कंपनीचे आर्टिकल्स कोरे: आपल्या उद्योजक संघटनांना एक खुलं पत्र

प्रति,
शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या उद्योजक संघटनांचे सर्व पदाधिकारी, आणि 'पुढची पिढी' या केस डिस्कशनला येणारे सगळे बाप, काका, पुतणे, मुली आणि सुना,

सप्रेम नमस्कार.

मी कंपनी सेक्रेटरी आहे, आणि माझं बरंचसं काम फाउंड्री आणि मशीनशॉपवाल्यांचंच आहे त्यामुळे तुमच्यातले कितीतरी जण मला ओळखता. केस डिस्कशनचा कार्यक्रम वाचला, विषय एकदम बरोबर निवडलाय, पण त्यात सगळा भर 'फॅमिली कॉन्स्टिट्यूशन' वर दिसतोय, म्हणजे कुटुंबाची मूल्यं काय, पुढच्या पिढीने कुठं शिकावं, महिन्याला कुटुंबसभा घ्यावी वगैरे. हे सगळं करा, मी नको म्हणत नाही. पण भांडण लागल्यावर कोर्ट आणि एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांचे वाद चालवणारं न्यायाधिकरण, जो कागद उघडून बघतात तो हा नसतो. ते बघतात कंपनीचे आर्टिकल्स म्हणजे तिची नियमावली, शेअर्सचं रजिस्टर, पार्टनरशिप असेल तर डीड, आणि मृत्युपत्र. या चार कागदांत जे नाही ते बहुतेक वेळा नाहीच, मग घरात कितीही प्रेमाने ठरलेलं असू दे. म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा अशी कळकळीची विनंती आहे.

आधी एक जुना निकाल सांगतो कारण तो आपल्यासारख्याच छोट्या घरच्या कंपनीचा आहे. दक्षिणेतली एक खासगी कंपनी, एकूण शेअर फक्त ५०, दोन शाखांकडे २५-२५. दोन्ही शाखांमध्ये १९५१ साली तोंडी ठरलं की दोघांकडे कायम निम्मे-निम्मे राहतील, आणि कुणाला विकायचे झाले तर आधी आपल्याच शाखेतल्या माणसाला विचारायचं. पुढच्या पिढीत एकाने आपले शेअर थेट दुसऱ्या शाखेला विकले आणि समतोल मोडला. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन, निकाल नोव्हेंबर १९९१ चा. खालच्या कोर्टांनी करार मानला होता, पण सुप्रीम कोर्ट म्हणालं की शेअर विकण्यावरचं असं बंधन आर्टिकल्समध्ये लिहिलेलं नसेल तर ते कंपनीवरही बंधनकारक नाही आणि शेअरहोल्डरवरही नाही. एवढंच. करार झाला होता की नाही हा मुद्दाच राहिला नाही, तो चुकीच्या जागी होता हा मुद्दा झाला. या निकालावर नंतर बरीच चर्चा झाली, पब्लिक कंपन्यांसाठी २०१३ च्या कायद्यात दोन शेअरहोल्डरमधला असा करार एकमेकांविरुद्ध करार म्हणून लागू होईल असंही आलं, पण आपल्या बहुतेक कंपन्या प्रायव्हेट लिमिटेड आहेत आणि तिथे माझा सल्ला आजही तोच आहे, आर्टिकल्समध्ये घाला.

आता हेच मोठ्या प्रमाणावर बघा. धीरूभाई अंबानी जुलै २००२ मध्ये गेले, मृत्युपत्र नव्हतं. दोन भावांचं जमेना, जून २००५ मध्ये आईच्या मध्यस्थीने वाटणी झाली आणि घरातल्या तिघांत एक एमओयू झाला. त्यात एक कलम गॅसचं होतं, रोज २८ दशलक्ष घनमीटर गॅस, १७ वर्षं, २.३४ डॉलर या दराने धाकट्या भावाच्या कंपनीला द्यायचा. पुढे सरकारने दर ४.२० डॉलर ठरवला आणि वाद पेटला. मुंबई हायकोर्टात २००९ मध्ये धाकट्याच्या बाजूने निकाल लागला, पण ७ मे २०१० ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. मुख्य कारण अर्थातच हे होतं की गॅस देशाचा आहे आणि दर सरकारच्या धोरणाप्रमाणे ठरणार. पण आपल्या कामाचा भाग दुसरा आहे. कोर्टाने म्हटलं की एमओयू हा आई आणि दोन भाऊ यांच्यातला खासगी कागद आहे, लाखो शेअरहोल्डरांनी तो पाहिलेला नाही, मंजूर केलेला नाही, त्यामुळे तो कंपनीला कायद्याने बांधत नाही. देशातले सगळ्यात मोठे वकील दोन्ही बाजूंना होते आणि तरी घरचा कागद कंपनीच्या दारातच अडला.

आणि आपल्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे किर्लोस्कर. लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली तिथून इथे यायला आजही दोन तास पुरतात, आपल्या भागातल्या कितीतरी जणांच्या आजोबांनी तिथे काम केलंय. त्या कुटुंबात ११ सप्टेंबर २००९ ला डीड ऑफ फॅमिली सेटलमेंट झालं, म्हणजे लेखी, सह्यांचं, नीट केलेलं. एकमेकांच्या धंद्यात उतरायचं नाही अशी अटही होती. मग २०१७ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने अहमदाबादची ला-गज्जर ही पंप बनवणारी कंपनी घेतली, आणि पंप हा तर किर्लोस्कर ब्रदर्सचा मुख्य धंदा. एका भावाचं म्हणणं की हा अटीचा भंग आहे, दुसऱ्या बाजूचं म्हणणं की करार व्यक्तींमध्ये आहे, लिस्टेड कंपनी त्यात पक्षकार नाही मग ती कशी बांधली जाईल. पुणे, मुंबई, दिल्ली, सगळी कोर्टं झाली. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये मध्यस्थीचा प्रयत्न करा म्हणून सुचवलं. नंतर हा करार शेअर बाजाराला कळवायचा की नाही यावरून सेबीशीही वाद झाला आणि तो परत हायकोर्टात. यात कोण बरोबर हे मी ठरवणार नाही, ते कोर्टाचं काम, आणि त्या घराबद्दल मला मनापासून आदर आहे. पण केस डिस्कशनमध्ये पोरांना एकच प्रश्न विचारा, की करार करताना त्यात कंपनीची सही हवी होती का, आणि नसेल घेतली तर का नसेल. या एका प्रश्नावर अर्धा तास जाईल आणि तो सगळ्यात उपयोगी अर्धा तास असेल.

आता आपल्या आकाराचा धंदा घेऊ. हे कुणा एकाचं घर नाही, चर्चेसाठी मांडलेलं उदाहरण आहे, पण आकडे मुद्दाम असे घेतलेत की हिशोब कागदावर करता येईल.

समजा एक फाउंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड, दोन भाऊ. एकूण १२,००० शेअर, थोरल्याकडे ६,००० आणि धाकट्याकडे ६,०००. दोघंच डायरेक्टर. आई हयात आहे, वडील नाहीत. एक बहीण आहे, लग्न होऊन सांगलीला. थोरल्याला बायको, एक मुलगा जो फाउंड्रीत बसतो, आणि एक मुलगी जी पुण्यात नोकरी करते. आर्टिकल्स रजिस्ट्रेशनच्या वेळी सीएने टेबल एफ, म्हणजे कायद्यातला तयार नमुना, जसाच्या तसा लावलेला, त्यात कुटुंबाबद्दल एक ओळ नाही. दोघा भावांचं एकमेकांवर प्रेम आहे, 'आमच्यात काही होणार नाही' असं दोघंही म्हणतात, आणि खरंच त्यांच्या हयातीत काही होत नाही.

थोरले अचानक जातात, मृत्युपत्र नाही.

इथे बहुतेक लोक समजतात की शेअर बायको आणि मुलांना जातील. नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाच्या वारसांत आईसुद्धा आहे, आणि मुलगी मुलाच्या बरोबरीने आहे. म्हणजे ६,००० चे चार भाग, आजी १,५००, वहिनी १,५००, मुलगा १,५००, मुलगी १,५००. अजून तरी ठीक आहे, आजी काय, घरचीच.

दोन-तीन वर्षांनी आजी जातात, त्यांचंही मृत्युपत्र नाही. आजींचे १,५०० कुणाला? त्यांच्या मुला-मुलींना, आणि जो मुलगा आधीच गेलाय त्याच्या मुलांना मिळून एक भाग. म्हणजे धाकट्याला ५००, सांगलीच्या आत्याला ५००, आणि थोरल्याच्या मुलगा-मुलीला मिळून ५००. वहिनींना यातलं काही नाही. आता बेरीज करा. धाकटे ६,५००, थोरल्याची शाखा ५,०००, आत्या ५००. म्हणजे निम्म्या-निम्म्या भागीदारीतून धाकट्यांकडे ५४ टक्के गेले, कुणीही कुणाला फसवलेलं नाही, कुणी एक रुपयाचा शेअर विकला नाही. आणि ५० च्या वर गेलं की साध्या ठरावाने डायरेक्टर नेमता येतो, काढताही येतो. पुतण्या रोज सकाळी सातला फर्नेसवर उभा असतो आणि त्याची खुर्ची काकाच्या मर्जीवर आलेली असते, हे त्याला कळतं कधी, तर काकाच्या मुलाला डायरेक्टर करायचा ठराव समोर येतो तेव्हा. तोपर्यंत दोन्ही घरांना वाटत असतं की अजून निम्मं-निम्मं चाललंय.

पण धाकटेही मोकळे नाहीत बरं का. मोठ्या निर्णयांना, म्हणजे आर्टिकल्स बदलायला, नवे शेअर बाहेरच्याला द्यायला, स्पेशल रिझोल्युशन लागतं, म्हणजे टाकलेल्या मतांतली ७५ टक्के. ते त्यांच्याकडे नाहीत. आणि थोरल्याच्या शाखेकडे १० टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत त्यामुळे अन्याय आणि गैरव्यवस्थापन म्हणून कलम २४१ खाली एनसीएलटीत जाता येतं, मुंबईला. मग एक बाजू रोजचा कारभार चालवू शकते पण पुढे नेऊ शकत नाही, दुसरी बाजू अडवू शकते पण चालवू शकत नाही. या अवस्थेत कंपन्या वर्षानुवर्षं राहतात. बँक सीसी लिमिट वाढवत नाही कारण दोन्ही बाजूंची पर्सनल गॅरंटी मागते आणि एक बाजू सही करत नाही. मोठा ऑटो कस्टमर ऑडिटला येतो आणि नव्या मोल्डिंग लाइनचं काय झालं विचारतो. शेजारचा प्लॉट मिळत असतो तो सुटतो.

आता मुलीचं बघू, कारण खरं भांडण बहुतेकदा इथून चालू होतं आणि त्याला लोक 'सासरच्यांनी शिकवलं' म्हणतात जे अत्यंत चुकीचं आहे. आजींकडून आलेले २५० धरून तिच्याकडे १,७५० शेअर आहेत. भावाला महिन्याला पगार, गाडी, डिझेल. डिव्हिडंड आजपर्यंत कधी दिलाच नाही कारण दोघा भावांना पगारातून सगळं मिळत होतं. म्हणजे तिच्या हातात कागदावर मोठी मालमत्ता आणि वर्षाला शून्य रुपये. तिने 'माझे शेअर घ्या आणि पैसे द्या' म्हटलं तर ती काहीही वावगं मागत नाहीये.

किती द्यायचे? बॅलन्स शीटवर कंपनीची नेटवर्थ समजा ६ कोटी. १२,००० शेअर, म्हणजे शेअरला ५,००० रुपये, तिचे साडेसत्त्याऐंशी लाख. पण एमआयडीसीचा प्लॉट पुस्तकात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्रीमियमच्या किमतीला पडून आहे, आज त्याची किंमत आणि चालू धंदा धरला तर कंपनी समजा १८ कोटींची होते, मग शेअरला १५,००० आणि तिचे दोन कोटी साडेबासष्ट लाख. भाऊ साडेसत्त्याऐंशी लाख म्हणतो, ती दोन कोटी साडेबासष्ट लाख म्हणते, दोघंही खोटं बोलत नाहीत, दोघांकडे सीएचा कागद आहे. मधला पावणेदोन कोटींचा फरक कुणाच्या लोभातून आलेला नाही, मोजायची पद्धत आधी ठरली नव्हती म्हणून आलेला आहे.

समजा दोन कोटी साडेबासष्ट लाख मान्य झाले. पैसे कुठून? भावाने पाच वर्षांच्या हप्त्यांत, कंपनीतून डिव्हिडंड काढून द्यायचे म्हटलं तर त्याच्याकडेही स्वतःचे १,७५० म्हणजे साडेचौदा टक्केच आहेत, त्याच्या हातात वर्षाला साडेबावन्न लाख यायला कंपनीला ३ कोटी ६० लाख डिव्हिडंड वाटावा लागेल, आणि वर्षाचा नफाच समजा ९० लाख आहे. जमणार नाही. मग कंपनीनेच बायबॅक करायचं, म्हणजे आपलेच शेअर परत विकत घ्यायचे. त्याला मर्यादा आहे, पेड-अप कॅपिटल आणि फ्री रिझर्व्ह मिळून जे होईल त्याच्या २५ टक्के. इथे ती ६ कोटींच्या २५ टक्के म्हणजे दीड कोटी. दोन कोटी साडेबासष्ट लाख एका फेरीत बसतच नाहीत, दोन फेऱ्या कराव्या लागतील, मध्ये किमान एक वर्ष सोडून. शिवाय एवढ्या रकमेला स्पेशल रिझोल्युशन, म्हणजे काकांचं मत हवंच. शिवाय बायबॅकची ऑफर सगळ्या शेअरहोल्डरांना प्रमाणात द्यावी लागते, म्हणजे बाकीच्यांनी आम्हाला नको म्हणायला हवं. आणि या सगळ्यातली सगळ्यात न दिसणारी गोष्ट ही, की तिचे १,७५० शेअर रद्द झाल्यावर एकूण १०,२५० उरतात आणि काकांचे ६,५०० आता ६३ टक्क्यांच्या वर होतात. बहीण गोडीगुलाबीने बाहेर पडली आणि भावाची बाजू आणखी हलकी झाली. म्हणून भाऊ तिला अडवतो. बाहेरून दिसतं की भाऊ पैसे देत नाही, आत कारण हे असतं.

बायबॅकवरचा टॅक्स कसा लागतो ते गेल्या काही वर्षांत बदललंय, तो त्या वेळच्या सीएकडून बघून घ्या, मी इथे लिहून ठेवलेलं पुढच्या बजेटमध्ये जुनं होईल.

आता उपाय. जास्त सांगत नाही, तीनच, पण ते दोघं भाऊ हयात आणि बोलत असताना करायचे. कारण त्या वेळी कंपनीत दोनच सह्या लागतात आणि नंतर पाच.

पहिला, आर्टिकल्स. 'थोरली शाखा' आणि 'धाकटी शाखा' अशी व्याख्या करा, कोण कोणत्या शाखेत ते लिहा, जावई-सून धरणार की नाही ते लिहा. प्रत्येक शाखेला दोन डायरेक्टर नेमायचा हक्क द्या, आणि तो हक्क शेअर ५० टक्के असण्यावर नको, शाखेकडे समजा २५ टक्क्यांच्या वर असेपर्यंत राहील असं लिहा. मघाच्या उदाहरणात हे एक कलम असतं तर आजींचे ५०० शेअर तिकडे गेल्याने पुतण्याची खुर्ची हलली नसती. यात एक अडचण आहे ती लपवत नाही. डायरेक्टरला साध्या ठरावाने काढायचा अधिकार कायद्यानेच शेअरहोल्डरांना दिलाय, तो आर्टिकल्सने पुसता येत नाही. म्हणून जोडीला शेअरहोल्डर्स अग्रीमेंट करा, त्यात कंपनीलाही पक्षकार करून सही घ्या, आणि एका शाखेच्या डायरेक्टरविरुद्ध दुसरी शाखा मत देणार नाही, आणि काढलाच तर त्या जागी त्याच शाखेचा माणूस येईल असं बांधून घ्या. आणि ही कलमं साध्या ७५ टक्क्यांनी बदलता येऊ नयेत म्हणून 'एन्ट्रेंचमेंट' ची तरतूद कायद्यात आहे, खासगी कंपनीत ती घालायला सगळ्या सभासदांची संमती लागते. आज दोन सभासद आहेत. आजच घाला.

आर्टिकल्समध्येच शेअर विकण्याचा क्रम लिहा, आधी आपल्या शाखेत, मग दुसऱ्या शाखेत, मग बाहेर, प्रत्येक पायरीला किती दिवस ते लिहा. आणि इथे बहुतेक ड्राफ्ट फसतात ते असं, की कलम फक्त 'ट्रान्सफर' बद्दल असतं. माणूस गेल्यावर वारसाकडे शेअर जातात त्याला कायद्याच्या भाषेत ट्रान्समिशन म्हणतात, ते ट्रान्सफर नाही, त्यामुळे ते कलम तिथे चालेल की नाही यावरच वेगळी केस उभी राहते. दोन्ही शब्द लिहा. आणि टेबल एफप्रमाणे वारसाचं नाव रजिस्टरला लागेपर्यंत त्याला मीटिंगमध्ये मत देता येत नाही, तेव्हा नाव लावायला बोर्डाने किती दिवसांत निर्णय घ्यायचा तेही लिहा. आपल्या उदाहरणात थोरले गेले त्या दिवशी बोर्डावर एकच डायरेक्टर उरला, कायद्याला किमान दोन लागतात, आणि थोरल्याचे ६,००० शेअर मुके झाले. हे महिने फार नाजूक असतात, नात्यात पहिली गाठ याच महिन्यांत पडते.

दुसरा, किंमत मोजायची पद्धत. आकडा नको, पद्धत लिहा. जमीन आजच्या बाजारभावाने धरायची की पुस्तकातल्या, धंद्याची किंमत किती वर्षांच्या सरासरी नफ्यावर, थोड्या शेअरवाल्याला त्याचे शेअर थोडे म्हणून किंमत कमी द्यायची की नाही, रजिस्टर्ड व्हॅल्युअर कोण नेमणार, दोघांचं जमलं नाही तर तिसरा कोण. माझं स्पष्ट मत आहे की घरच्या कंपनीत मुलगी किंवा विधवा वहिनी बाहेर पडत असेल तर थोड्या शेअरची सूट लावू नये, ते तिचं राहिलेलं वाटपच असतं. पण तुमचं मत वेगळं असेल तर वेगळं लिहा, लिहा मात्र. दर तीन वर्षांनी व्हॅल्युएशन करून दोन्ही शाखांना दाखवायचं ठेवलं की कुणालाच एकदम धक्का बसत नाही. पैसे हप्त्याने द्यायचे असतील तर शाखेतल्या खरेदीदाराने किती वर्षांत, व्याज किती, आणि तोपर्यंत शेअर कुणाच्या नावावर, हेही. सोबत डिव्हिडंडचं धोरण ठेवा, नफ्याचा अमुक भाग दरवर्षी वाटायचाच, बँकेच्या अटी सांभाळून. जे कारखान्यात बसतात त्यांना बाजारभावाने पगार, जे बसत नाहीत त्यांना डिव्हिडंड. हे वेगळं केलं की 'तो एवढं घेतो' ही अर्धी कुरबुर थांबते.

तिसरा, मृत्युपत्र. थोरल्याने दोन साक्षीदारांसमोर दोन पानांचं मृत्युपत्र केलं असतं तर आजींकडे १,५०० शेअर गेलेच नसते, पुढचं काही घडलंच नसतं. आणि कृपा करून नॉमिनीवर थांबू नका. 'मी बायकोला नॉमिनी केलंय, झालं' असं मला इतके लोक सांगतात. 'कालनिर्णय' चे जयंतराव साळगावकर गेल्यानंतर त्यांच्या वारसांमधला वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ ला कोर्टाने स्वच्छ सांगितलं की शेअर्सचा नॉमिनी मालक होत नाही, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते, नॉमिनी हा फक्त तात्पुरता ताबा घेणारा. मराठी माणसाच्या घरातून आलेला निकाल आहे, निदान तो तरी आपल्या लक्षात राहायला हवा. मृत्युपत्र आर्टिकल्सशी जुळतं का हेही बघा, आर्टिकल्स म्हणतात शेअर शाखेतच आणि मृत्युपत्र म्हणतं अर्धे मेव्हण्याला, असं झालं तर दोन्ही कागद एकमेकांविरुद्ध वापरले जातात.

जे अजून पार्टनरशिपमध्ये आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. दोनच पार्टनर असतील आणि एक गेला तर फर्म तिथेच संपते, डीडमध्ये 'वारस येईल आणि फर्म चालू राहील' लिहिलं असलं तरी, कारण एका माणसाची पार्टनरशिप नसते. हा मुद्दा सुप्रीम कोर्टाने १९६५ मध्येच निकालात काढलाय. तेव्हा तिसरा पार्टनर आजच घ्या, मुलगा घ्या, मुलगी घ्या, किंवा कंपनी किंवा एलएलपी करा.

एवढं सगळं केल्यावरही काही गोष्टी सुटत नाहीत हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. चेन्नईचा मुरुगप्पा ग्रुप घ्या, शंभर वर्षांहून जुना, कुटुंब आणि कंपनी वेगळी ठेवण्याबद्दल ज्यांचं उदाहरण मॅनेजमेंटच्या वर्गात देतात असं घराणं. एम. व्ही. मुरुगप्पन २०१७ मध्ये गेले, त्यांना दोन मुली. त्यांच्या शाखेकडे होल्डिंग कंपनीचे ८ टक्क्यांच्या वर शेअर. मोठ्या मुलीने त्या कंपनीच्या बोर्डावर जागा मागितली, २०२० मध्ये शेअरहोल्डरांच्या मतदानात ती नाकारली गेली, आणि समझोता व्हायला २०२३ चा ऑगस्ट उजाडला. तिथे कागद नव्हते असं कुणी म्हणणार नाही. ज्या शाखेत फक्त मुली आहेत तिचं काय, हा प्रश्न वेळेत सुटला नाही एवढं मात्र बाहेरून दिसतं. आपल्याकडे अशी किती घरं आहेत ते तुम्ही मनात मोजा.

आणि अजून एक. अग्रीमेंटमध्ये आर्बिट्रेशनचं कलम घातलं म्हणजे एनसीएलटी टळली असं समजू नका, अन्याय आणि गैरव्यवस्थापनाची खरी तक्रार असेल तर तो उपाय लवादाला देता येत नाही, मुंबई हायकोर्टाने २०१४ मध्ये हे सांगितलंय. किंमतीचा वाद, हप्त्याचा वाद, धंद्यात न उतरण्याच्या अटीचा वाद यासाठी आर्बिट्रेशन चांगलं आहे, त्याच्याआधी साठ दिवस मध्यस्थी ठेवा आणि मध्यस्थाचं नाव आत्ताच लिहा, दोन्ही शाखा ज्याला 'काका' म्हणतात असा बाहेरचा माणूस. पर्सनल गॅरंटीचंही विसरू नका, जो बाहेर पडतो त्याची बँकेकडची गॅरंटी घरच्या कागदाने सुटत नाही, बँकेचं पत्र लागतं, आणि ते मिळेपर्यंत सेटलमेंट पूर्ण झालं असं धरू नये.

आता संघटनेकडे मागणं. केस डिस्कशन दोन सत्रांत करा. पहिल्यात वरचं फाउंड्रीचं उदाहरण द्या, १२,००० शेअर, तीन गट करा, धाकटे, पुतण्या आणि पुण्याची मुलगी, आणि प्रत्येक गटाला आपल्या बाजूचं आर्टिकल्सचं एक कलम लिहायला लावा. मग कलमं बदलून दुसऱ्या गटाला द्या आणि त्यातली पळवाट शोधायला सांगा. बाप-लेकांना एका गटात बसवू नका. लेकीला पुतण्याच्या गटात बसवा आणि मुलाला लेकीच्या.

दुसऱ्या सत्रात प्रत्येकाने आपल्याच कंपनीचे आर्टिकल्स, शेअर्सच्या रजिस्टरची प्रत आणि डीड घेऊन यावं, दुसऱ्याला दाखवायची गरज नाही. आम्ही काही कंपनी सेक्रेटरी आणि वकील मंडळी टेबलावर बसू, पैसे न घेता, आणि प्रत्येकाला एवढंच विचारू की उद्या तुम्ही नसाल तर मत कुणाकडे जाईल, आकड्यात सांगा. आमंत्रणपत्रिकेवर 'सहकुटुंब' न लिहिता मुली आणि सुनांची नावं घालून बोलवा, कारण या उदाहरणातल्या बारापैकी साडेचार हजार शेअर ज्या तिघींकडे गेले त्यांच्यापैकी एकीलाही असल्या बैठकीला आजवर कुणी बोलवत नाही. तारीख मार्चअखेरीच्या गडबडीत ठेवू नका, तेव्हा सीए मंडळी येणार नाहीत आणि मृत्युपत्राचा विषय कुणीतरी 'नंतर बघू' म्हणून गुंडाळेल. एप्रिलचा दुसरा शनिवार चालेल का ते कळवा.

आपला,
एक कंपनी सेक्रेटरी, कोल्हापूर